घरगुती टोपणनाव (नागपूर)

घरातल्या माणसाला मूळ नावाऐवजी लाडाने किंवा थट्टेने दिलेले, घरच्यांच्या तोंडी रुळलेले नाव म्हणजे घरगुती टोपणनाव. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते. त्यामुळे इथल्या मराठी घरांत बंडू, बाळ्या, चिंगी यांच्या जोडीला गोलू, छोटू, गुड्डी अशी हिंदी वळणाची नावेही परकी वाटत नाहीत.

विदर्भात एक जुनी रीत होती. आधीची मुले दगावली असतील, तर पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवत. कचरू, धोंडू, उकंडा ही त्यातली नावे. उकंडा म्हणजे उकिरडा. आईच्या लेखी ते नाव म्हणजे ढाल असे, पण वर्गात हजेरी घेताना त्या ढालीचे कारण कोणाला ठाऊक नसे. पोट्टे फक्त अर्थ ऐकत आणि हसत. प्रेमाने दिलेले नाव घराबाहेर पडले की काय होते, याचे हे बहुधा सर्वांत उघड उदाहरण.

थट्टेच्या नावांत शब्दापेक्षा प्रत्ययाला अधिक वजन असते. ‘-या’ लागला की रामचा राम्या होतो. हाच ‘-या’ लाडाचा असतो आणि तुच्छतेचाही, त्यामुळे नाव कोणी उच्चारले यावर सगळे ठरते. नागपुरी ‘बे’ची गोष्टही तशीच. गच्चीवर आतेभाऊ ‘का बे गोल्या’ म्हणाला, तर त्याला लगेच ‘काय बे चष्मिश’ असे उत्तर मिळते आणि हिशेब तिथेच फिटतो. तेच काका म्हणाले, तर उत्तर नसते, कारण काकांना कोणी ‘बे’ म्हणत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिताना हाच भेद केला. काही नात्यांत चिडवण्याची मुभा असते आणि समोरच्याने राग धरायचा नसतो. मात्र कुठे दोघेही एकमेकांना चिडवतात, तर कुठे एकच चिडवतो आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचे असते. मराठी घरातले दीर-भावजय आणि मेव्हणी-भाऊजी हे बहुधा पहिल्या प्रकारात बसतात. पण भावजय नवी असताना तीच थट्टा काही काळ एकतर्फीच चालते. दिराने पहिल्याच महिन्यात तिच्या उंचीवरून ‘लंबू’ म्हटले, तर ती हसते खरी, पण उलट नाव ठेवण्याइतका तिचा पाय घरात अजून रोवलेला नसतो. त्या हसण्याला संमती समजणे ही नेहमीची चूक आहे.

नाव कसे सरकत जाते हे दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी गुटगुटीत बाळाला आजी ‘गोलू’ म्हणू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेल्या भावंडांनी त्याचा ‘गोल्या’ केला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्यानेही सगळ्यांना नावे ठेवली होती. अकराव्या वर्षी मामाने जेवताना ‘ढोल्या, अजून एक पोळी?’ असे विचारले. इथे दोन गोष्टी बदलल्या होत्या. नाव आता शरीराकडे बोट दाखवत होते, आणि बोलणाऱ्याला उलट उत्तर देता येत नव्हते. पुढे आत्या पाहुण्यांना सांगू लागली, ‘हा आमचा ढोल्या.’ हाक मारायचे नाव ओळख करून द्यायला वापरले गेले, म्हणजे ते विशेषण झाले.

मुलाने तक्रार केली नाही. अशा वेळी मुले क्वचितच करतात. तो पहिल्या हाकेला ओ देईनासा झाला. सगळ्यांचे हसून झाल्यावर तो हसू लागला. पाहुणे असले की दुसरी पोळी नको म्हणायचा आणि नंतर स्वयंपाकघरात एकटा खायचा. मित्र घरी येणार असले की आईला आधीच बजावायचा, ‘त्यांच्यासमोर माझं खरं नाव घे.’ यातली शेवटची खूण सर्वांत स्पष्ट आहे आणि ‘वय आहे, होतंच असं’ म्हणून सोडून दिली जाते तीही हीच.

नागपूरकरांना थट्टेची दिशा कळत नाही असे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे म्हणजे पुतळे निघतात, ते महागाईचे, भ्रष्टाचाराचे आणि सत्तेवर बसलेल्यांचे. तिथली थट्टा खालून वर जाते. जेवणाच्या पाटावरची बहुतेक वेळा वरून खाली येते.

असे नाव बंद करताना घरात सभा भरवली, तर मुलाची आणखी शोभा होते. या उदाहरणातल्या आईने मामाला आणि आत्याला एकेकटे गाठून सांगितले. मामा म्हणाला, ‘अगं, लाडानं म्हणतो मी.’ त्यावर तिने एवढेच विचारले, की त्याच्या टकलावरून मुलाने नाव ठेवले तर चालेल का. दोन-तीन वेळा जीभ घसरली, मग नाव गळाले. आजीचे ‘गोलू’ मात्र राहिले, कारण मुलाने त्याला कधीच हरकत घेतली नव्हती. तो तिला ‘बुढी’ म्हणतो, ती त्याला गोलू. बैठकीत पाहुणे असले, की ती आपणहून त्याचे पूर्ण नाव घेते.