गृहकर्जाच्या स्टेटमेंटमधलं अमॉर्टायझेशन: तक्ता कसा वाचायचा, कसा मागायचा, कुठे तपासायचा

पहिल्यांदा कर्ज घेतलेल्या बहुतेकांना धक्का बसतो तो वर्षअखेरीस. वर्षभर हप्ते वेळेवर गेलेले असतात, तीन लाखांच्या वर रक्कम खात्यातून कापली गेलेली असते आणि स्टेटमेंटमध्ये कर्ज मात्र साठेक हजारांनीच कमी झालेलं दिसतं. बँकेने काही घोळ केला, असं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर अमॉर्टायझेशनच्या तक्त्यात असतं. दर महिन्याच्या हप्त्यातून आधी व्याज वळतं करायचं आणि उरलेल्या रकमेतून मुद्दल फेडत जायचं, अशी ही पद्धत. मराठीत त्याला परतफेड तक्ता म्हणता येईल.

उदाहरण म्हणून 30 लाखांचं कर्ज घेऊ. व्याजदर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो सुमारे 26,035 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज 30 लाखांवर लागतं: 30,00,000 गुणिले 8.5 टक्के भागिले 12, म्हणजे 21,250 रुपये. हप्त्यातले उरलेले 4,785 रुपये मुद्दलात गेले आणि शिल्लक 29,95,215 वर आली. दुसऱ्या महिन्याचं व्याज या नव्या शिलकेवर लागतं, 21,216 रुपये. म्हणून मुद्दलात 4,819 जातात, आधीच्यापेक्षा 34 रुपये जास्त. हप्ता तोच राहतो, आतली वाटणी तेवढी दर महिन्याला थोडी सरकते.

ही सरक सुरुवातीला फार मंद असते. पाच वर्षांत तुम्ही 15 लाख 62 हजार भरता, त्यातले जेमतेम 3 लाख 56 हजार मुद्दलात गेलेले असतात. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला 143वा हप्ता उजाडतो, म्हणजे बारावं वर्ष संपत आलेलं असतं. सुरुवातीला शिल्लक मोठी असल्यामुळे व्याज मोठं असतं, एवढंच त्यामागचं कारण. बँक शेवटच्या वर्षांचं व्याज आधीच वसूल करते, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक महिन्याचं व्याज त्या वेळच्या शिलकेवरच लागतं.

तक्ता कोणाला मिळतो? 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा गोषवारा, द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि पूर्ण मुदतीचा परतफेड तक्ता त्याचाच भाग आहे. करारावर सही करण्याआधी तो मागून घ्या. जुन्या कर्जदारांना नेट बँकिंगमध्ये कर्जखात्याखाली बहुधा ‘रिपेमेंट शेड्यूल’ किंवा ‘अमॉर्टायझेशन शेड्यूल’ या नावाने तो मिळतो. तिथे नसेल तर शाखेत साधा अर्ज द्यावा. अर्जात कर्जखात्याचा क्रमांक, मुख्य कर्जदाराचं नाव आणि सही हवी. सोबत पॅन किंवा आधारची प्रत ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट असेल, तर थोडं थांबावं लागतं. बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि तोवर अनेकदा फक्त दिलेल्या रकमेचं व्याज घेते. हा प्री-ईएमआय. त्यातून मुद्दल एक रुपयानेही फिटत नाही. परतफेड तक्ता खऱ्या अर्थाने पूर्ण हप्ता सुरू झाल्यावर लागू होतो. ताबा लांबला की हा खर्च नुसता वाढत जातो. म्हणून पूर्ण हप्ता लवकर सुरू करता येईल का, हे बँकेला जरूर विचारावं.

तक्ता आणि स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहिले की आकडे तंतोतंत जुळत नाहीत. घाबरू नका. तक्ता वर्षाचे बारा सारखे भाग धरून बनवलेला असतो, तर बऱ्याच बँका व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. आपल्या उदाहरणात 31 दिवसांच्या महिन्याचं व्याज सुमारे 21,657 येईल आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीचं 19,562. वर्षाची बेरीज साधारण जुळली की झालं. खरी तपासणी दोन ठिकाणी करायची: मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक या महिन्याच्या सुरुवातीला तशीच आली आहे का, आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या दर महिन्याला एकने कमी होते आहे का.

ही दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त नजरेआड होते. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते. आपल्या उदाहरणातल्या कर्जदाराची पाच वर्षांनंतरची शिल्लक 26 लाख 44 हजार आहे आणि 180 हप्ते उरले आहेत. दर 9.5 टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर उरलेले हप्ते 207 होतात. खात्यातून तेवढेच पैसे जात असल्याने घरात कोणालाच पत्ता लागत नाही आणि सव्वादोन वर्षं वाढलेली असतात. मुदत तीच ठेवायची तर हप्ता सुमारे 1,570 रुपयांनी वाढला असता. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. दर तिमाहीला वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम आणि उरलेले हप्ते दाखवणारं स्टेटमेंटही द्यावं लागतं. परवडत असेल तर हप्ता वाढवून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच प्रश्न जास्तीची रक्कम भरताना येतो. वर्षभरानंतर, 228 हप्ते उरलेले असताना तुम्ही 2 लाख रुपये भरलेत असं समजू. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर 34 हप्ते वाचतात आणि व्याजात पावणेसात लाखांहून जास्त बचत होते. त्याऐवजी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो सुमारे 1,770 रुपयांनी उतरतो, पण एकूण व्याज फक्त 2 लाखांच्या आसपास वाचतं. रक्कम तीच, फरक केवळ फॉर्मवरच्या खुणेचा. म्हणून पार्ट पेमेंटच्या अर्जात ‘मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहा. सोबत कर्जखाते क्रमांक लिहिलेला धनादेश द्या किंवा रक्कम ऑनलाइन भरा. सहकर्जदाराची सही लागते का, तेही आधी विचारा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही.

पैसे भरल्यावर पुढच्या आठवड्यात नवा तक्ता मागवा. रक्कम मुद्दलात वळती न होता नुसती पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ जमा म्हणून पडली असेल, तर ते तिथे लगेच दिसतं: शिल्लक 2 लाखांनी खाली आलेली नसते. तसं आढळलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करायची. दोन्हीकडे पोच घेतलेला अर्ज, जुना तक्ता आणि नवा तक्ता जोडावा.