सहा-टप्पी आणि साइन ड्राइव्ह (ब्रशलेस मोटर)

ब्रशलेस मोटरच्या तीन फेजना करंट देण्याच्या या दोन पद्धती आहेत. सहा-टप्पी (ट्रॅपेझॉइडल) पद्धतीत एका वेळी दोनच फेज चालू असतात, तिसरी मोकळी राहते, आणि दर ६० विद्युत अंशांनी जोडी बदलते. रोटरच्या ध्रुवांची एक जोडी पुढे सरकली की ३६० विद्युत अंश होतात. साइन पद्धतीत तिन्ही फेजमधून करंट सतत वाहतो आणि रोटरच्या कोनानुसार लाटेसारखा चढतो-उतरतो.

सहा-टप्पीत स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र ६० अंशांच्या उड्या मारते. रोटर मात्र सलग फिरत असल्याने दोघांमधला कोन ९० अंशांवर टिकत नाही, तो ६० ते १२० च्या दरम्यान हलत राहतो. मोटरचे बॅक ईएमएफ, म्हणजे फिरत्या चुंबकामुळे गुंडाळीत तयार होणारे उलट व्होल्टेज, साइन आकाराचे असेल, तर टॉर्क प्रत्येक टप्प्याच्या टोकांना कमाल मूल्याच्या ८७ टक्क्यांपर्यंत उतरतो. हाच टॉर्क रिपल. बॅक ईएमएफ सपाट माथ्याचे असेल तर हा चढउतार जवळजवळ नाहीसा व्हायला हवा, पण जोडी बदलताना नवा करंट गुंडाळीच्या इंडक्टन्समुळे लगेच चढत नाही. वेग जास्त असला की बॅक ईएमएफ त्याला आणखी अडवते, आणि टॉर्कमध्ये खड्डा पडतो.

याचा आवाज कसा होतो ते छताच्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरच्या, पंख्यात नीट कळते. समजा रोटरवर १४ ध्रुव आहेत, म्हणजे ७ जोड्या. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५. विद्युत वारंवारता ३५ हर्ट्झ आणि धक्के त्याच्या सहापट, सेकंदाला २१०. पंखा १२० फेऱ्यांवर आणला की धक्के ८४ होतात. दिवसा वाऱ्याच्या आवाजात ते लपतात. रात्री कमी वेगावर, विशेषतः दांडा किंवा पाती त्याच वारंवारतेला थरथरत असतील तर, घुर्र असा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

साइन बॅक ईएमएफला साइन करंटची जोड मिळाली की तिन्ही फेजच्या टॉर्कची बेरीज स्थिर राहते आणि ही घुरघुर बरीच शमते. ‘साइन म्हणजे शांत’ असे सरसकट म्हणणे मात्र चूक आहे. बॅक ईएमएफ ट्रॅपेझॉइडल असेल, तर त्यातल्या पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकमुळे, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट आणि सातपट लाटांमुळे, सहापट वारंवारतेचा रिपल पुन्हा उगवतो. शिवाय रोटरचा कोन सतत कळावा लागतो. चुंबकाचा ध्रुव ओळखणारे तीन हॉल सेन्सर तो फक्त दर ६० अंशांनी सांगतात. मधला कोन अंदाजाने भरावा लागतो, आणि सेन्सर जरा सरकून बसला असेल तर तो अंदाज प्रत्येक फेऱ्यात चुकतो. चुंबक आणि स्टेटरच्या दातांमधले ओढाताणीचे कॉगिंग तर दोन्ही पद्धतींत तसेच राहते. वीज बंद करून रोटर हाताने हळू फिरवला की ते बोटांना जाणवते.

आवाजाचे मूळ शोधायला पंखा वेगात असताना वीज तोडावी. पाती फिरत असतानाच घुरघुर क्षणात थांबली तर दोष करंटच्या आकारात आहे. ती वेगाबरोबर हळूहळू विरत गेली तर बेअरिंग, कॉगिंग किंवा पात्यांचा तोल तपासावा. वेग बदलूनही पट्टी न बदलणारी बारीक शिट्टी बहुधा पीडब्ल्यूएमची, म्हणजे करंटला आकार देण्यासाठी ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करण्याची, असते. स्विचिंग २० किलोहर्ट्झच्या वर नेले की ती माणसाच्या कानापलीकडे जाते, पण ट्रान्झिस्टर थोडे जास्त तापतात.