बोर्डिंग पासवरची अक्षरं काय सांगतात?
आमच्या प्रवासी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चतुर्थी आटोपल्यावर साखळीच्या एक ताई यजमानांबरोबर न्यू जर्सीला लेकीकडे निघाल्या. तिकीट आम्हीच काढलं होतं: मोपाहून मुंबई आणि मुंबईहून नेवार्क. रात्री मुंबई विमानतळावरून त्यांचा फोन आला. "अहो, माझ्या पासावर चार एस छापलेत आणि यांच्या पासावर नाहीत. मी असं काय केलंय?" त्यांचा आवाज कापत होता. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी विचारलं होतं, पण तिच्यापाशीही उत्तर नव्हतं. खरं तर हे आम्ही तिकीट देतानाच सांगायला हवं होतं. तेव्हा राहून गेलं, म्हणून आता हे पत्रक तिकिटासोबत देतो.

त्यांचा पास साधारण असा होता (नाव आणि आकडे बदलले आहेत):

```
NAIK/SUDHA MRS
BOM - EWR     CLASS L
SEAT 32C      SEQ 087
SSSS
```

आधी SEQ. त्या विमानासाठी चेक-इन करणाऱ्यांत तुम्ही कितवे, एवढंच हा आकडा सांगतो. सुधाताईंचा 87. त्याचा सीटशी संबंध नाही आणि विमानात चढण्याच्या क्रमाशीही नाही. तो क्रम पासावर ZONE किंवा GROUP असा वेगळा छापतात. प्रत्येक विमानाची मोजणी स्वतंत्र असते, त्यामुळे मोपा-मुंबई पासावर एक आकडा आणि पुढच्या पासावर दुसरा दिसला तर त्यात काही चुकलेलं नाही. हा आकडा खरा उपयोगी पडतो गेटवर. एकाच विमानात दोन S NAIK असतील, तर नेमक्या कोणत्या नाईक अजून चढलेल्या नाहीत हे कर्मचारी त्यावरून पाहतात. पास स्कॅन होत नसेल, तर हाच आकडा टाइप करून तुमची नोंद शोधता येते. म्हणून गेटवर काही अडलं, तर नावाबरोबर SEQ सांगा.

आता CLASS. L म्हणजे इकॉनॉमीच, पण इकॉनॉमीतला एक विशिष्ट भाडेगट. एकाच केबिनमधल्या सीटा कंपनी वेगवेगळ्या अक्षरांखाली आणि वेगवेगळ्या भाड्यांना विकते. Y हे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं अक्षर, J बिझनेसचं आणि F फर्स्टचं. बाकीच्या अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकीचं L स्वस्त असेल, तर दुसरीचं तसंच असेल असं धरून चालू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतो. समजा, स्वस्त गटात एकच सीट उरली आहे आणि तुम्ही दोघांचं तिकीट एकत्र मागितलंत. अशा वेळी संगणक एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग असं देत नाही, दोघांनाही वरच्या गटाचा भाव दाखवतो. दोन वेगळी बुकिंगं करून ती एक स्वस्त सीट पकडता येते, पण मग दोघांचे पीएनआर वेगळे होतात. एकाचं विमान बदललं, तर दुसऱ्याचं आपोआप बदलत नाही. वयस्कर जोडप्यांना आम्ही हा मार्ग सुचवत नाही. तारीख बदलतानाही हेच अक्षर आडवं येतं. नव्या तारखेला L शिल्लक नसेल, तर बदलाच्या शुल्कावर भाड्यातला फरकही भरावा लागतो.

आणि आता ते चार एस. SSSS हे अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेचं चिन्ह आहे, प्रवाशाची जास्तीची तपासणी करायची एवढंच ते सांगतं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानासाठी कंपनीला तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग तिथल्या टीएसए या संस्थेकडे पाठवावं लागतं, साधारण उड्डाणाच्या 72 तास आधीपासून. तिथून उत्तर येतं: पास द्या, जास्तीची तपासणी करा किंवा पास देऊ नका. कारण मात्र कळवत नाहीत, म्हणूनच काउंटरवरच्या मुलीला ते ठाऊक नव्हतं. कधी नाव यादीतल्या दुसऱ्या कुणाशी जुळतं, तर कधी निवड निव्वळ यादृच्छिक असते. एकाच पीएनआरवरच्या नवरा-बायकोपैकी एकालाच चिन्ह येऊ शकतं. ते पासपोर्टवर किंवा व्हिसावर चढत नाही. ते त्या पासापुरतंच असतं, परतीला पुन्हा नव्याने ठरतं.

पास हातात पडण्याआधीच त्याची चाहूल लागू शकते. बरोबरच्या माणसाचं वेब चेक-इन होतं आणि तुमचं मात्र "काउंटरवर या" असा निरोप देऊन अडतं. सुधाताईंचं तसंच झालं होतं आणि आम्ही ते साइटचा बिघाड समजलो. व्हिसाची कागदपत्रं पाहायची असली, तरीही असं अडतं, त्यामुळे नुसत्या त्या निरोपावरून खात्री होत नाही. तरी तसं झालं किंवा मोपाला फक्त मुंबईपर्यंतचाच पास मिळाला, तर मुंबईत उतरल्यावर जेवायला न थांबता थेट काउंटर गाठा. अशा प्रवाशांना दोन विमानांमध्ये निदान चार तास ठेवावेत, असं आमचं मत आहे.

पुढचं गेटजवळ घडतं. तुम्हाला बाजूला घेतात, हातातली बॅग पूर्ण उघडतात, कापडी पट्टी बॅगेवरून आणि तळहातांवरून फिरवून यंत्रात घालतात. स्फोटकांचा अंश आहे का, ते त्यातून कळतं. फोन आणि लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगतात, म्हणून चार्जिंग राखून ठेवा. तपासणी झाली की पासावर बहुधा शिक्का बसतो. तो नीट उमटलाय ना, हे तिथेच पाहून घ्या.

लेकीसाठी नेलेला शाकुतीचा मसाला, पीठ किंवा कसलीही पूड चेक-इनच्या बॅगेत घाला. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात 12 औंसांहून, म्हणजे सुमारे 350 मिलीहून जास्त पूड असली, तर ती वेगळी तपासतात आणि शंका आली तर नेऊ देत नाहीत. काजूंना ही अडचण नाही.

मोपा-मुंबईसारख्या देशांतर्गत पासावर SSSS येत नाही. कधी विमानाच्या शिडीपाशी पुन्हा झडती होते, प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास हमखास. ती आपल्याकडची वेगळी तपासणी आहे. पासावर त्याची खूण नसते.

तिकिटावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. दिवस आणि महिना यांची अदलाबदल सहज होते. आम्ही पासपोर्टच्या पानाचा फोटो मागतो तो यासाठीच. पासावर GOX म्हणजे पेडण्यातलं मोपा, GOI म्हणजे दाबोळी, हेही घरून निघण्याआधी पाहा.

सुधाताईंची तपासणी झाली आणि त्या यजमानांबरोबर त्याच विमानाने गेल्या. परतीच्या पासावर चिन्ह नव्हतं. तुम्हाला मात्र प्रत्येक फेरीला SSSS येत असेल, तर जुने पास टाकून न देता आमच्याकडे आणा. trip.dhs.gov वर अर्ज करता येतो. तो भरायला आम्ही मदत करू. अर्ज केल्यावर सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळतो आणि प्रकरण निकाली निघालं की पुढच्या तिकिटाच्या वेळी आम्ही तो बुकिंगमध्ये घालतो. त्याने नावाच्या गोंधळातून होणारी निवड टळू शकते, यादृच्छिक निवड टळत नाही.