तोच नंबर, तेवढंच तिकीट, पण हातात येणारे पैसे वेगळे का?

लॉटरी म्हटली की आपल्याकडे बक्षीस आधी छापलेलं असतं. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली, तिच्या छापील तिकिटावर सिरीज आणि नंबर मिळून तिकीट एकच, त्यामुळे पहिल्या बक्षिसात वाटेकरी कुणी नाही. मटक्यातही भाव ठरलेला, आकडा आला की ठरल्या पटीने पैसे. पण तिथे एक आकडा हजारो लोक लावू शकतात आणि तो आला तर सगळा बोजा धंदा चालवणाऱ्यावर, म्हणून लोकप्रिय आकड्याची त्याला कायम धास्ती.

या धास्तीवरचा उपाय घोड्यांच्या रेसमधून आला. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने सगळ्या बेटचे पैसे एकत्र करून त्यांचा एक पूल करायचा, आपलं कमिशन कापायचं आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे अशी पद्धत चालू केली. महालक्ष्मी रेसकोर्सला टोटवर, म्हणजे याच पद्धतीने, खेळणाऱ्यांना हे सांगायला नको, जास्त लोकांनी लावलेला घोडा आला की प्रत्येकाच्या वाट्याचा डिव्हिडंड कमी बसतो. चालवणाऱ्याचं नुकसान होतच नाही, गर्दीचा फटका बसतो तो जिंकणाऱ्यालाच.

ब्रिटनची नॅशनल लॉटरी नोव्हेंबर 1994 मध्ये सुरू झाली, 49 पैकी 6 आकडे आणि तिकीट एक पाउंड. त्यात दोन्ही पद्धती मिसळलेल्या होत्या, म्हणजे तीन आकडे जुळले की ठरलेले 10 पाउंड, ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेला पूल वरच्या बक्षिसांत वाटायचा. मग आला 14 जानेवारी 1995 चा ड्रॉ, आकडे 7, 17, 23, 32, 38, 42. जॅकपॉट सुमारे 1 कोटी 63 लाख पाउंड. तिकिटं सात कोटींच्या आसपास विकलेली आणि सहाच्या सहा जुळायची शक्यता सुमारे 1 कोटी 40 लाखांत एक, म्हणजे हिशोबाने साधारण पाच विजेते निघायला हवे होते, निघाले 133! प्रत्येकाला 1,22,510 पाउंड. ज्यांना वाटलं आपण तीसेक लाखांचे धनी झालो त्यांचं काय झालं असेल, मला आजही वाईट वाटतं. कारण असं सांगतात की हे आकडे स्लिपवर मधल्या उभ्या रांगांत विखुरलेले होते आणि माणूस पेनने खुणा करताना हात कडेला नेत नाही, मधेच फिरवतो.

आता विक्रीचं गणित, इथेच बहुतेकांची गल्लत होते. तिकिटं दुप्पट विकली की पूल दुप्पट, पण अपेक्षित विजेतेही दुप्पट, म्हणजे सरासरी वाटा तोच राहतो. फरक पडतो तो मागच्या आठवड्याची कुणी न जिंकलेली रक्कम पुढे आली की. समजा 60 लाख पाउंड पुढे आलेत आणि दर 1 कोटी 40 लाख तिकिटांमागे जॅकपॉटमध्ये 20 लाख पडतात. 2 कोटी 80 लाख तिकिटं विकली तर जॅकपॉट 1 कोटी, अपेक्षित विजेते दोन, वाटा 50 लाख. 7 कोटी विकली तर जॅकपॉट 1 कोटी 60 लाख, बोर्डावर आकडा मोठा दिसतो, पण विजेते पाच, वाटा 32 लाखच. जुनी रक्कम तेवढीच आणि खाणारी तोंडं जास्त. हे ढोबळ सरासरीचं, नेमके किती निघतील ते लोकांनी कोणते आकडे घेतले त्यावर, 133 चं उदाहरण समोर आहेच.

याच्या बरोब्बर उलटं अमेरिकेत पॉवरबॉलला झालं, 30 मार्च 2005 ला. तिथे जॅकपॉट पूलचा, पण पाच आकडे जुळले की तेव्हा ठरलेले 1 लाख डॉलर, आणि जादा डॉलर भरून पॉवर प्ले घेतला असेल तर त्या दिवशी 5 लाख. चार-पाच विजेते अपेक्षित असताना 110 जण पुढे आले, अधिकाऱ्यांना आधी घोटाळाच वाटला. शेवटी कळलं की न्यूयॉर्कमधल्या एका कारखान्यातून गेलेल्या चायनीज फॉर्च्युन कुकीतल्या चिठ्ठ्यांवर तेच आकडे छापलेले होते! 89 जणांना एकेक लाख आणि 21 जणांना पाच-पाच लाख, कुणाचा एक डॉलर कमी झाला नाही, जवळपास 1 कोटी 90 लाखांचा जादा भार लॉटरीने उचलला. चिठ्ठीवरचा सहावा आकडा 40 होता आणि आला 42, नाहीतर हेच सगळे जॅकपॉटमध्ये शिरले असते आणि तिथे मात्र ब्रिटनसारखी वाटणी झाली असती.

अशा वेळी ठरलेली रक्कम सोडून वाटणी करायची तरतूद पॉवरबॉलच्या नियमांत आहे. आणि कॅलिफोर्निया 2013 मध्ये या खेळात आलं तेव्हापासून तिथल्या कायद्यामुळे खालची बक्षिसंही पूलमधूनच देतं, त्यामुळे एकाच ड्रॉमध्ये तेच पाच आकडे जुळले तरी शेजारच्या ॲरिझोनात सरळ 10 लाख डॉलर मिळतात आणि कॅलिफोर्नियात त्या रात्रीची विक्री आणि विजेत्यांची संख्या बघूनच आकडा ठरतो, कधी कमी कधी जास्त.