नरकाच्या दारावरचा ‘सी’

इटालियन भाषेतली सगळ्यांत प्रसिद्ध पाटी नरकाच्या दारावर आहे. कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात ती लिहिली, आणि तिच्या पहिल्या तिन्ही ओळी ‘पेर मे सी वा’ अशा सुरू होतात: माझ्यातून जायचे ते दुःखाच्या नगरीत, माझ्यातून जायचे ते चिरंतन वेदनेत. कोण जाणार ते सांगितलेले नाही, त्या जागी नुसता ‘सी’ आहे. शेवटच्या ओळीत मात्र दार थेट वाचणाऱ्याकडे वळते: ‘आत येणाऱ्यांनो, सगळी आशा सोडा.’ आज इंग्रजी पाटीवरून इटालियन पाटी करायला बसले की हीच निवड पुन्हा समोर येते. कर्ता गाळून ‘सी’ घ्यायचा, की समोरच्याला सरळ आज्ञा करायची? इंग्रजीत ‘सी’सारखा शब्दच नसल्याने मूळ पाटी याचे उत्तर देत नाही. ते या दोन अक्षरी शब्दाच्या इतिहासात शोधावे लागते.

लॅटिनमध्ये ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’. कर्मणी रूपासाठी क्रियापदाला वेगळे प्रत्यय होते, त्यामुळे ‘से’ची त्या कामी फारशी गरज नव्हती. तरी पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी एका गावाबद्दल लिहितो की ते ‘स्वतःला सेबास्तोपोलिस म्हणवते’. गाव स्वतःला काय म्हणवणार? अर्थ एवढाच, की त्याला तसे म्हणतात. पुढे बोलीतून ते कर्मणी प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचे बरेचसे काम ‘से’ने, म्हणजे इटालियन ‘सी’ने उचलले. हा ‘सी पासिवान्ते’, आपल्या शाळेतल्या व्याकरणातला कर्मणी प्रयोग. मग ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याच्याबरोबरही तो येऊ लागला. दान्तेचा ‘सी वा’ हा तसा, ‘सी इम्पेर्सोनाले’. त्याला आपण भावे प्रयोगाचा इटालियन भाऊ म्हणू.

हा फरक परीक्षेपुरता नाही, कारण कर्मणीत क्रियापदाला कर्माच्या वचनाप्रमाणे चालावे लागते. दुकानाच्या काचेवरचे ‘कार्ड्स अ‍ॅक्सेप्टेड’ इटालियनमध्ये ‘सी अच्चेत्तानो कार्ते’ होते. कार्डे अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘सी अच्चेत्ता कार्ते’ लिहिले तर आपल्याकडच्या बागेतल्या ‘फुले तोडू नये’ इतकेच ते खटकते. व्याकरण ‘नयेत’ मागते, रंगारी ‘नये’वर थांबतो.

इटलीतला ‘नये’ म्हणजे ‘अफ्फित्तासी’, भाड्याने देणे आहे. इथे ‘सी’ क्रियापदाच्या मागे चिकटलेला दिसतो, त्याचे मूळ पुन्हा दान्तेच्या काळात आहे. जुन्या इटालियनमध्ये असले छोटे सर्वनाम वाक्याच्या आरंभी येऊ शकत नसे. वाक्य क्रियापदाने सुरू झाले की ‘सी’ त्याच्या मागे जाई. एकोणिसाव्या शतकात तोब्लर आणि मुस्साफिया या अभ्यासकांनी हा नियम मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. नरकाच्या त्याच सर्गात एका ओळीत दोन्ही रूपे शेजारी सापडतात: ‘वुओल्सी कोझी कोला दोवे सी पुओते’. सुरुवातीला मागे चिकटलेला ‘सी’, पुढे क्रियापदाआधीचा.

बोलण्यातून हा नियम कधीच गेला. पाट्यांवर आणि छोट्या जाहिरातींत मात्र ‘अफ्फित्तासी’, ‘वेन्देसी’ (विकणे आहे), ‘चेर्कासी’ (पाहिजे) ही रूपे राहिली. शब्दाला पैसे मोजायचे तिथे दोनाचा एक शब्द झालेला परवडतोच. एकाहून अधिक खोल्या असतील तर नियमाने ‘अफ्फित्तान्सी कामेरे’ हवे. पण स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती छापील पाटी ‘अफ्फित्तासी’ची. खालच्या मोकळ्या जागेत मालक हाताने ‘कामेरे’ लिहितो आणि ‘अफ्फित्तासी कामेरे’ घरावर टांगले जाते. व्याकरणकार कुरकुरतात, भाडेकरू येतात. ‘कामगार पाहिजे’ वाचून आपण तरी कुठे अडतो?

आता समजा, तळ्याकाठच्या एखाद्या बागेची इंग्रजी पाटी समोर आहे. पहिली सूचना: बदकांना खायला घालू नये ही विनंती. इथे ‘सी प्रेगा दी नॉन...’ अगदी घरचे आहे. विनंती कोण करतो ते अध्याहृत. हेच थोडे अदबीने म्हणायचे तर ‘सी ए प्रेगाती दी...’ असेही लिहितात, आणि तिथे एक मजा आहे: ‘ए’ हे क्रियापद एकवचनी, ‘प्रेगाती’ हे विशेषण अनेकवचनी. ‘सी’ व्याकरणाला एकच, पण त्यामागे माणसे अनेक आहेत हे भाषा विसरलेली नाही. नवशिक्याला ही छापण्यातली चूक वाटते आणि तो ती ‘सुधारतो’.

दुसरी सूचना: कुत्र्यांना पट्ट्याला बांधून ठेवावे. ‘सी’ची सवय लागलेला हात इथे ‘सी तेन्गोनो इ कानी...’ लिहून जातो. व्याकरणात खोट काढता येत नाही, तरी पाटी फसते. वर्तमानकाळातला असा ‘सी’ पाटीवर सेवा जाहीर करतो: ‘सी पार्ला इंग्लेझे’ म्हणजे इथे इंग्रजी बोलतात, ‘सी रिपारानो बिचिक्लेत्ते’ म्हणजे इथे सायकली दुरुस्त होतात. मग कुत्र्यांची पाटीही ‘आमच्याकडे कुत्री बांधून ठेवली जातात’ अशी वाचली जाईल. सक्तीसाठी ‘इ कानी वान्नो तेनुती...’ हे दुसरे कर्मणी रूप हवे, ‘जाणे’ या क्रियापदापासून झालेले. त्यात ‘पाहिजे’ आपोआप येते.

तिसरी: पिशव्या कर्मचाऱ्यांकडून तपासल्या जाऊ शकतात. इंग्रजी कर्मणीत ‘कोणाकडून’ ते सहज जोडता येते. जुन्या इटालियन लिखाणात ‘सी’बरोबरही असा कर्ता सापडतो, आजच्या भाषेत तो चालत नाही. कर्मचाऱ्यांचा उल्लेख हवाच असेल तर ‘सी’ सोडून ‘पोस्सोनो एस्सेरे कोन्त्रोल्लाते दाल पेर्सोनाले’ असे पूर्ण कर्मणी लिहावे लागते. चौथी: स्वागतकक्षात नाव नोंदवा. ‘नाव नोंदवणे’ या इटालियन क्रियापदात स्वतःचा एक ‘सी’ आधीच आहे. दोन ‘सी’ शेजारी येऊ शकत नाहीत, पहिल्याचा ‘ची’ होतो: ‘ची सी रेजिस्त्रा’. पाटीवर मात्र नुसते ‘रेजिस्त्रार्सी’ हे धातुरूप जास्त सुटसुटीत, मी तेच ठेवीन.

राहिले ‘नो स्मोकिंग’. त्याचे ‘नॉन सी फूमा’ करता येते आणि कुणालाही ते कळते, पण आवाज बदलतो. इटालियन आई मुलाला ‘नॉन सी फा!’ म्हणते, म्हणजे आपले ‘असं करायचं नसतं!’ या ‘सी’त ‘आपण सगळे’ दडलेले असते. तोस्काना प्रांतात तर ‘नोई सी वा’ म्हणजे चक्क ‘आम्ही जातो’. फॅसिस्ट राजवटीत कचेऱ्यांत झळकणाऱ्या ‘इथे राजकारण बोलत नाहीत, इथे काम करतात’ या पाट्यांनी हाच ‘सी’ वापरला, आणि हुकमाला घरच्या शिस्तीचा सूर दिला. धूम्रपानबंदीच्या सरकारी पाटीवर मात्र कायद्याने ठरवलेले शब्द असतात: ‘विएतातो फुमारे’, धूम्रपानास मनाई. खाली कायद्याचा क्रमांक आणि दंडाची रक्कम. तिथे ‘सी’ला जागा नाही.