सिक्कीमचा SK स्लोव्हाकियाकडे कसा गेला

गंगटोकच्या टॅक्सीच्या पाटीवर SK असतं, आणि ब्रातिस्लाव्हातल्या दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता .sk ने संपतो. आज हे दोन SK वेगवेगळ्या यादीतले आहेत. पण एकेकाळी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या देशांच्या यादीतला SK सिक्कीमचाच होता.

देशांच्या कोडांचं ISO 3166 हे मानक पहिल्यांदा 1974 मध्ये निघालं. तेव्हा सिक्कीम भारताच्या संरक्षणाखालचं, पण वेगळं राज्य होतं. साहजिकच त्याला देशासारखाच दोन अक्षरी SK आणि तीन अक्षरी SKM कोड मिळाला. पुढच्याच वर्षी, मे 1975 मध्ये, सिक्कीम भारताचं बाविसावं राज्य झालं आणि कोड यादीतून निघाला. जेमतेम वर्षभर टिकलेला कोड, पण या मानकाची जवळजवळ सगळी रचना त्याच्या निमित्ताने समजून घेता येते.

देशाला तीन खुणा असतात. भारताच्या IN, IND आणि 356. दोन अक्षरी कोड सगळ्यात जास्त वापरला जातो, पण जागा कमी: दोन अक्षरांच्या जोड्या होतात 676, त्यातल्या काही खासगी वापरासाठी राखीव, तर UK सारखे काही अपवाद म्हणून बाजूला ठेवलेले (ब्रिटनचा अधिकृत कोड GB आहे). तीन अक्षरांत 17,576 जोड्या बसतात, त्यामुळे नावाशी साम्य राखायला मोकळीक मिळते. आकडा संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतो आणि तो भूभागाला चिकटलेला असतो, नावाला नाही. बर्माचं म्यानमार झालं तेव्हा BU जाऊन MM आला, पण 104 तसाच राहिला.

1993 च्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकिया फुटला. चेक प्रजासत्ताकाला CZ मिळाला आणि स्लोव्हाकियाला SK. सिक्कीमचा कोड जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती, कुणाला काही अडचण आली नाही. खरा घोळ झाला तो चेकोस्लोव्हाकियाच्या रिकाम्या झालेल्या CS चा. 2003 मध्ये युगोस्लाव्हियाने सर्बिया आणि माँटेनेग्रो हे नाव घेतलं आणि CS त्यांना देण्यात आला. आता जुन्या नोंदींच्या फायलीत CS दिसलं तर ते प्राग की बेलग्रेड? 1992 ची नोंद असेल तर चेकोस्लोव्हाकिया, 2004 ची असेल तर सर्बिया-माँटेनेग्रो. तारीखच नसेल तर दोन अक्षरांवरून कळायला मार्ग नाही. शेजारी तीन अक्षरी किंवा आकडी कोड असेल तर मात्र प्रश्न सुटतो: CSK आणि 200 म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, SCG आणि 891 म्हणजे दुसरा. या गोंधळावर बरीच टीका झाली, आणि मागे घेतलेला कोड किमान पन्नास वर्षं दुसऱ्याला द्यायचा नाही असं ठरलं. आधीची मुदत होती पाच वर्षांची, जी माझ्या मते मुळातच हास्यास्पद होती. जनगणनेचे आणि ग्रंथालयांचे तक्ते पाच वर्षांत जुने होत नाहीत.

मागे घेतलेल्या कोडांसाठी 1999 मध्ये मानकाचा तिसरा भाग आला. तिथे चार अक्षरं असतात: पहिली दोन जुन्या देशाची, पुढची दोन त्याचं काय झालं ते सांगणारी. बर्मा BUMM झाला. देश फुटून एकच वारस उरला नसेल तर HH लावतात, म्हणून चेकोस्लोव्हाकिया CSHH. सर्बिया-माँटेनेग्रो 2006 मध्ये फुटला तेव्हा CSHH आधीच चेकोस्लोव्हाकियाला दिलेला होता, मग CSXX करावा लागला. आणि सिक्कीम? SK अधिक IN, म्हणजे SKIN. इंग्रजीत वाचलं की हसू येतं.

देशांच्या यादीतून गेलेला सिक्कीम दुसऱ्या भागात परत भेटतो. 1998 मध्ये आलेला हा भाग देशांतल्या प्रदेशांचा आहे. रचना सोपी: देशाचे दोन अक्षरी, मग जोडरेघ, मग एक ते तीन अक्षरं किंवा अंक. सिक्कीम IN-SK, महाराष्ट्र IN-MH, गोवा IN-GA. टोकियो मात्र JP-13, कारण जपानमध्ये प्रांतांना आधीपासून क्रमांक आहेत. पुढचं IN- गाळून चालत नाही: नुसता MH म्हणजे मार्शल बेटं आणि नुसता GA म्हणजे गॅबन. फॉर्ममध्ये राज्याचा कोड देशाच्या रकान्यात पडला, की पुण्याचं पार्सल कागदोपत्री थेट पॅसिफिक महासागरात.

हे प्रादेशिक कोड देशांच्या कोडांपेक्षा जास्त हलतात. ओडिशाचं इंग्रजी नाव 2011 मध्ये बदललं, तरी यादीत IN-OR च होता. तो IN-OD झाला 2023 मध्ये. त्याच वेळी उत्तराखंडचा IN-UT जाऊन IN-UK आला आणि छत्तीसगडचा IN-CT जाऊन IN-CG. ज्यांनी 2023 पूर्वीची यादी सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरून ठेवली, त्यांच्याकडे नव्या फायलीतला भुवनेश्वरचा ग्राहक 'राज्य सापडत नाही' म्हणून अडकतो. तसं दिसलं तर पत्ता तपासण्याआधी OR आणि OD तपासावं.