स्वॅपचा हप्ता आणि बुडीत रकमेचे गणित

क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप म्हणजे एखाद्या कंपनीचे कर्ज बुडाल्यास त्याची भरपाई मिळवून देणारा करार. संरक्षण घेणारा दर तिमाहीला हप्ता भरतो आणि कंपनीने कर्ज बुडवले, तर संरक्षण देणारा नुकसान भरून देतो. हा हप्ता किती असावा, याचे उत्तर एका गुणाकारात आहे: कर्ज बुडण्याची वार्षिक शक्यता गुणिले बुडाल्यावर होणारे नुकसान.

समजा, 1 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी करार झाला. कंपनी एका वर्षात बुडण्याची शक्यता 2 टक्के आहे आणि बुडाल्यावर रोख्यांची 40 टक्के वसुली होईल, असा अंदाज आहे. म्हणजे नुकसान 60 लाखांचे आणि वर्षाचे अपेक्षित नुकसान त्याच्या 2 टक्के, म्हणजे 1.2 लाख डॉलर. हाच न्याय्य हप्ता, दर तिमाहीला 30 हजार. करार पाच वर्षांचा असला, तरी वार्षिक शक्यता तीच राहिल्यास हा दर जवळपास बदलत नाही, कारण कंपनी टिकून असेपर्यंतच हप्ता भरायचा असतो आणि टिकलेली कंपनीच पुढे बुडू शकते. त्यामुळे काळ जातो तशा कराराच्या दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात घटतात.

आता कंपनी दोन वर्षे आणि एक महिन्याने बुडाली असे धरू. तोवर आठ हप्त्यांचे 2.4 लाख भरून झालेले असतात आणि चालू तिमाहीतील एका महिन्याचे 10 हजार द्यावे लागतात. नेमकी भरपाई मात्र आधीच्या अंदाजावर नव्हे, तर बुडालेल्या रोख्यांच्या लिलावात ठरलेल्या किमतीवर अवलंबून असते. किंमत दर्शनी 100 मागे 40 ठरली, तर 60 लाख मिळतील. परंतु ऑक्टोबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्सच्या रोख्यांची लिलावातील किंमत दर्शनी 100 मागे अवघी 8.625 ठरली होती. आपल्या उदाहरणात ती किंमत निघाली, तर संरक्षण देणाऱ्याला 91.375 लाख द्यावे लागतील.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट याच गुणाकारात दडलेली आहे. बाजारात 1.2 टक्के हा दर दिसतो, तेव्हा आपल्याला केवळ गुणाकार कळतो, त्याचे दोन घटक कळत नाहीत. 40 टक्के वसुली धरल्यास बुडण्याची शक्यता 2 टक्के निघते. 10 टक्केच धरल्यास तोच दर 1.33 टक्क्यांची शक्यता सांगतो. ज्येष्ठ, म्हणजे परतफेडीत अग्रक्रम असलेल्या, विनातारण कर्जासाठी 40 टक्के धरण्याचा बाजारातला प्रघात हा गणिताच्या सोयीचा आहे, ते मोजमाप नव्हे.

शिवाय जोखीम उचलणारा निव्वळ अपेक्षित नुकसानीवर समाधान मानत नाही. मंदीत अनेक कंपन्या एकदमच बुडतात, म्हणून तो वर काही मोबदला मागतो. त्यामुळे दरातून काढलेली शक्यता प्रत्यक्षात बुडणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणापेक्षा सहसा जास्त येते.